मानेच्या न दुखणाऱ्या गाठीची केस राउंडला कशी मांडायची

प्रश्न: एमबीबीएस तिसरं वर्ष, ईएनटीचं पोस्टिंग चालू आहे. राउंडला मानेच्या न दुखणाऱ्या गाठीची केस प्रेझेंट करायची आहे. हिस्ट्री घेता येते, पण डीडी विचारला की दहा नावं सांगून गप्प बसते. नेमकं काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

दहा नावं पाठ असणं वाईट नाही, पण समोरच्या पेशंटला त्यातली सात लागूच नसतात. ती गाळायचं काम हिस्ट्रीतच झालं पाहिजे.

सुरुवात वयापासून. लहान मुलाच्या मानेतली गाठ असेल तर आधी संसर्ग आणि जन्मजात गाठी मनात येतात. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू-बिडी घेणाऱ्या माणसाच्या मानेत तीन आठवड्यांहून जास्त दिवस टिकलेली टणक गाठ मात्र, वेगळं सिद्ध होईपर्यंत, कुठल्या तरी कॅन्सरची पसरलेली गाठ धरायची. मग अख्खं प्रेझेंटेशन एकाच प्रश्नाभोवती फिरतं: प्रायमरी कुठे आहे? गाठ मानेत दिसते, पण आजार बहुतेक वेळा तोंडात, घशात किंवा नाकामागे असतो.

एक नमुना केस घेऊ. सरांसमोर उभं राहून साधारण असं बोलायचं:

"सर, 58 वर्षांचे गवंडी, तीस वर्षांपासून रोज बिडीचं एक बंडल, शिवाय दारू. मानेच्या डाव्या बाजूला न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ तीन महिन्यांपासून. दोन महिन्यांपासून डावा कान दुखतो आणि घास गिळताना डावीकडे अडकल्यासारखं वाटतं. कपडे सैल झालेत. आवाज बदललेला नाही, श्वासाला त्रास नाही. नाक बंद होणं किंवा नाकातून रक्त नाही. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घरात टीबीचा पेशंट, यातलं काही नाही."

यातलं प्रत्येक 'नाही' कामाचं आहे. आवाज आणि श्वास विचारला तो स्वरयंत्रासाठी, नाक विचारलं ते नेझोफॅरिंक्ससाठी, ताप आणि घाम टीबी-लिम्फोमासाठी. यादीतला 'नाही' कशासाठी विचारला हे सांगता येत नसेल तर तो वगळा, कारण सर नेमकं तेच विचारतात.

कानदुखीवर थांबा, इथे गुण मिळतात. ऑटोस्कोपने कान बघितला तर पडदा नॉर्मल. मग दुखतं का? घशाच्या खालच्या भागाची आणि स्वरयंत्राची संवेदना व्हेगस नर्व्ह नेते, आणि तिचीच एक फांदी कानाकडे जाते. पायरीफॉर्म फोसातलं दुखणं म्हणून कानात जाणवतं. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचं दुखणं कानात जातं ते ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हमुळे. कानात काही नसताना एकाच बाजूचा कान दुखतोय आणि त्याच बाजूला मानेत गाठ आहे, तर घसा बघितल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही.

तपासणीत पेशंटला बसवा, आधी समोरून बघा. एक घोट पाणी गिळायला सांगा: गाठ वर सरकली तर थायरॉइडकडे विचार न्या. मधोमध गाठ असेल तर जीभ बाहेर काढायला सांगा. मग मागे उभे राहून, मान किंचित पुढे झुकवून दोन्ही बाजूंच्या सगळ्या लेव्हल चाचपा. नुसतं 'मानेच्या डावीकडे' म्हणू नका, लेव्हल सांगा, कारण तीच प्रायमरीकडे बोट दाखवते. लेव्हल टू आणि थ्री म्हणजे टॉन्सिल, जिभेचं मूळ, स्वरयंत्र, हायपोफॅरिंक्स. पोस्टिरियर ट्रँगलमध्ये नेझोफॅरिंक्स, टीबी आणि लिम्फोमा आठवा. डाव्या हसळीच्या वर एकटी गाठ असेल तर छाती आणि पोट तपासा.

आपल्या पेशंटचं वर्णन: "डावीकडे लेव्हल टू-थ्री, हायॉइडच्या पातळीला, 4 बाय 3 सेंमीची एकच गाठ. टणक, ओबडधोबड, दाबल्यावर दुखत नाही. वरची कातडी मोकळी. स्टर्नोमॅस्टॉइड ताणला की कमी उठून दिसते, म्हणजे त्याच्या खाली आहे, पण त्याला चिकटलेली नाही. वर-खाली आणि आडवी, दोन्हीकडे हलते. ठोका लागत नाही."

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. आडवी हलणारी, वर-खाली न हलणारी, ठोके देणारी गाठ कॅरोटिड बॉडी ट्यूमर असू शकते. अशा गाठीत इमेजिंगआधी सुई घालायची नाही.

मग तोंड. कवळी असेल तर काढायला लावा, जिभेच्या कडा आणि टॉन्सिल बघा, आणि ग्लोव्ह घालून जिभेचं मूळ बोटाने चाचपा; उमासा येतो, म्हणून हे सगळ्यात शेवटी. विद्यार्थी हा भाग हमखास सोडतात, कारण सर्जरीच्या पोस्टिंगला गाठ फक्त बाहेरून तपासायची सवय लागलेली असते. स्कोपी तुम्ही केली नसली तरी रिपोर्ट वाचून सांगा: डाव्या पायरीफॉर्म फोसात लाळ साचलेली, आतल्या भिंतीवर वाढ, दोन्ही व्होकल कॉर्ड हलतात.

आता डीडी. तीनच सांगा, पण बाजूने आणि विरुद्ध काय आहे ते जोडून. पहिलं, हायपोफॅरिंक्सच्या स्क्वेमस कॅन्सरचं मेटास्टॅसिस. वय, बिडी, कान, गिळणं, स्कोपी, सगळं त्याच दिशेने जातं. दुसरं टीबी: आपल्याकडे इतका आहे की नाव घेतलंच पाहिजे, वजनही उतरलंय, पण ताप नाही, गाठ एकटी आणि टणक आहे, गाठी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. तिसरं लिम्फोमा: गाठी बहुधा रबरासारख्या आणि अनेक असतात, म्हणून काख, जांघ आणि प्लीहा तपासल्याचं सांगा. ब्रँकियल सिस्ट म्हणायचा मोह होईल तर आवरा. या वयात लेव्हल टूमधली पाण्याची गाठ बऱ्याचदा टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाच्या कॅन्सरची, आतून पोकळ झालेली लिम्फ नोड निघते.

तपासण्यांमध्ये आधी एफएनएसी, शक्य तर सोनोग्राफीखाली. चीज किंवा पू आला तर तोच नमुना सीबीनॅटला. मग मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी, आणि त्यानंतर भूल देऊन डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी व बायॉप्सी. हा क्रम मुद्दाम आहे, कारण बायॉप्सीच्या सुजेने नंतरचा सीटी गोंधळात टाकतो. गाठ कापून बायॉप्सी हे पहिलं पाऊल कधीच नाही, त्याने मानेतले थर बिघडतात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. सुई न घालता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि गाठ वाढतच गेली, असे पेशंटही वॉर्डात येतात. एफएनएसीत 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं तरी समाधान मानू नका. गाठ टणक असेल तर पुन्हा सुई किंवा कोअर बायॉप्सी.

स्टेज विचारला तर: एकच गाठ, त्याच बाजूची, 3 ते 6 सेंमीच्या मधली, बाहेर पसरल्याची खूण नाही, म्हणून एन टू ए. टी मात्र सीटी आणि लॅरिंगोस्कोपीआधी सांगू नका.

यानंतरचा सरांचा लाडका प्रश्न: सुईत स्क्वेमस कॅन्सर आला, पण स्कोपीत सगळं साफ असतं तर? तर नमुन्यावर पी16 आणि ईबीव्हीच्या तपासण्या, पेट-सीटी, मग भूल देऊन नेझोफॅरिंक्सपासून खाली सगळं पुन्हा बघणं, संशयित जागांची बायॉप्सी, आणि त्यातही काही सापडलं नाही तर त्या बाजूचा अख्खा टॉन्सिल काढून तपासणीला पाठवणं. टॉन्सिलचा नुसता तुकडा घेतला तर आत खोल दडलेला छोटा कॅन्सर हुकतो.