आकृतीत मृदुतालू नेमका कुठे?

प्रश्न: इंदूरला भाषाशास्त्र शिकतेय. ध्वनिमार्गाच्या उभ्या छेदात मृदुतालू, स्वरयंत्र, जिभेचे भाग, ओठ कुठे लिहायचे?

उत्तर: ओठ दिसतातच. मग जीभ टाळूवरून मागे सरकवून बघा: कडक भाग संपून मऊ लागतो, तो मृदुतालू. जिभेचे भाग समोर काय आहे त्यावरून ठरतात: कडक टाळूखाली जिव्हामध्य, मृदुतालूखाली जिव्हापश्च, घशाच्या मागच्या भिंतीसमोर जिव्हामूल. टोक वेगळं लिहा. स्वरयंत्र खाली, श्वासनळीच्या तोंडाशी. मागची नळी अन्नाची, बाण तिकडे गेला की चुकलं.

आकृती कोणत्या ध्वनीची, हेही पाहा. आपल्या ‘पोह्यां’तल्या प्‌ला मृदुतालू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, ‘माव्या’तल्या म्‌ला खाली लोंबतो. ओठ दोन्हींत मिटलेलेच.