घसरणीत विक्री, तेजीनंतर खरेदी

"बाजार पडला की धीर सुटतो आणि मी विकून मोकळा होतो. मग ज्या फंडाने वर्षभरात उत्तम परतावा दिला तो घेतो, तर तोही तिथेच थबकतो. माझं नेमकं चुकतं कुठं?"

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचे उदाहरण देतो. जानेवारी 2020 मध्ये त्यांचे 8 लाख रुपये निफ्टीच्या इंडेक्स फंडात होते. 23 मार्चला निफ्टी 7,610 वर बंद झाला, म्हणजे जानेवारीतील उच्चांकापासून सुमारे 38 टक्के खाली. त्याच आठवड्यात त्यांनी सगळी युनिट्स विकली आणि हातात जेमतेम 5 लाख आले. नोव्हेंबरमध्ये निफ्टीने जानेवारीची पातळी ओलांडली, तेव्हा त्यांचे पैसे बचत खात्यात पडून होते.

बोलता बोलता कळले की त्या 8 लाखांपैकी 2 लाख जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी लागणार होते. त्यांची भीती त्या 2 लाखांपुरती रास्तच होती, मात्र दोन्ही रकमा एकाच फंडात असल्याने त्या भीतीने उरलेले 6 लाखही ओढून नेले. म्हणून माझा पहिला नियम असा की पुढील पाच वर्षांत ज्या पैशाची गरज ठरलेली आहे तो मुदत ठेवीत ठेवावा, शेअर बाजारात नाही.

जानेवारी 2021 मध्ये त्यांनी ॲपवर एका वर्षाच्या परताव्यानुसार यादी लावली. 2020 मध्ये औषध कंपन्यांचा निर्देशांक सुमारे 60 टक्के वाढलेला असल्याने फार्मा फंड सर्वांत वर दिसले आणि त्यांनी सगळी रक्कम तिथे घातली. पुढील दोन वर्षे मिळून तो निर्देशांक जवळपास जागेवरच राहिला, तर निफ्टी पाव भागाहून अधिक वाढला. कोविडमुळे आलेली तेजी शेअरच्या भावात आधीच धरली गेली होती, हे त्या यादीत दिसत नव्हते. एका क्षेत्राच्या फंडात एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घालू नये, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

राहिला प्रश्न पडत्या बाजारात काय करावे याचा. शेअर आणि ठेवी यांचे प्रमाण, समजा 60:40, आधीच कागदावर लिहून ठेवावे आणि ते दहा टक्क्यांहून अधिक बदलले तरच हालचाल करावी. 10 लाखांतील शेअरचे 6 लाख 38 टक्क्यांनी घटून 3.7 लाख झाले, तर एकूण 7.7 लाखांत त्यांचा वाटा 48 टक्क्यांवर येतो. प्रमाण पूर्ववत करायला ठेवीतून सुमारे 90 हजार शेअरकडे वळवावे लागतात. मन विकायला सांगत असते तेव्हा हा हिशेब खरेदी सुचवतो. मात्र हा नियम निफ्टीसारख्या व्यापक फंडापुरताच पाळावा, कारण एकाच कंपनीचा पडलेला शेअर पुन्हा वर येईलच असे नाही.