युरियाच्या नळीत पेशी का फुटतात?
द्रावण समपरासारी आहे की नाही, म्हणजे त्यात पेशी ना फुगते ना आक्रसते असं आहे का, हे नुसत्या संहतीवरून ठरवू नकोस. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तांबडी रक्तपेशी आपला मध्ये दबलेला आकार टिकवते. १.८ टक्के युरियातही कण जवळपास तेवढेच, तरी तिथे ती फुगून फुटते. कारण युरिया पटलातून आपसूक आत जातो आणि त्यामागोमाग परासरणाने पाणीही. सोडियमही थोडं झिरपतंच, पण एटीपी हे पेशीचं ऊर्जा देणारं रसायन खर्चून चालणारा पटलातला पंप त्याला परत बाहेर काढतो.

परीक्षानळीमागे छापील कागद धर. पेशी शाबूत असतील तर द्रावण गढूळ. फुटल्या असतील तर लाल पण नितळ, अक्षरं वाचता येतात. आक्रसलेल्या पेशींचं द्रावणही गढूळच दिसतं, त्यांच्या काटेरी कडा बघायला मात्र सूक्ष्मदर्शकच हवा.