गाडी स्वतः पैसे देते तेव्हा तुमचं कार्ड नेमकं कुठे असतं?

प्रश्न: नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतलीय. चार्जरची गन लावली की चार्जिंग सुरू होतं आणि पैसे आपोआप कापले जातात, ओटीपीसुद्धा येत नाही. ॲपमध्ये लिहिलंय की टोकन फक्त त्यांच्याच चार्जरवर चालतं. उद्या गाडी चोरीला गेली किंवा कोणी हॅक केली तर माझं कार्ड साफ होईल का?

कार्ड साफ होणार नाही. पण दुसऱ्याच्या चार्जिंगचं बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं, आणि त्यासाठी गाडी चोरीला जायचीही गरज नाही. ते माझ्या घरातच घडलंय, पुढे सांगतो. मी अंधेरीला पेमेंटच्या धंद्यातच काम करतो. अडकलेले आणि परत मागितलेले व्यवहार निस्तरणं हे माझं रोजचं काम.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या गाडीत कार्ड नाही, आणि बहुतेक टोकनही नाही. गाडी फक्त "मी अमुक गाडी" एवढंच सांगते. गन लावली की त्याच केबलमधून गाडीचा ओळख क्रमांक चार्जरला जातो. चांगल्या व्यवस्थेत ही ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवली जाते, त्यासाठी आयएसओ १५११८ नावाचं मानक आहे. साध्या व्यवस्थेत गाडीच्या संपर्क यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ठरलेला क्रमांक, वाचून काम भागवतात. चार्जर ती ओळख कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, सर्व्हर बघतो की ही गाडी कोणाच्या खात्याला जोडलेली आहे, आणि त्या खात्यापुढे तुमचं टोकन लिहिलेलं असतं. म्हणजे टोकन सर्व्हरवर, गाडी नुसती हजेरी लावणारी.

आता ते टोकन म्हणजे काय? तुम्ही ॲपमध्ये कार्ड नंबर टाकलात, संमतीच्या चौकटीत खूण केलीत, ओटीपी दिलात. त्या क्षणी कार्ड नेटवर्कने, म्हणजे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डने, तुमच्या नंबराच्या बदल्यात दुसरा एक नंबर तयार करून कंपनीला दिला. दिसायला तो कार्ड नंबरसारखाच असतो, म्हणून दुकानांची जुनी यंत्रणा त्याला अडखळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून कंपनीला खरा नंबर साठवताच येत नाही. तिच्याकडे राहतं ते टोकन, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव.

कोपऱ्यावरच्या वाण्याच्या उधारीच्या वहीत "पान ४२" असं तुमचं खातं असतं, तसं समजा. ते पान ४२ शेजारच्या वाण्याला सांगितलंत तर त्याच्या वहीत तिथे भलतंच कोणीतरी असेल, नाहीतर काहीच नसेल. फरक इतकाच की इथे वही दुकानदाराकडे नसून नेटवर्ककडे आहे. त्या वहीत प्रत्येक टोकनापुढे तीन गोष्टी असतात: खरं कार्ड कुठलं, टोकन मागितलं कोणी, आणि ते कुठल्या व्यापाऱ्यासाठी दिलं. टोकन मागणाऱ्याला ११ आकडी क्रमांक असतो. व्यवहार आला की नेटवर्क आधी हे जुळवून बघतं. समजा कोणी चार्जिंग कंपनीचा सर्व्हर फोडला, तुमचं टोकन उचललं आणि मोबाईलच्या दुकानात वापरलं. मागणारा वेगळा, व्यापारी वेगळा, त्यामुळे नेटवर्क तिथेच नकार देतं. बऱ्याचदा तो व्यवहार बँकेपर्यंत पोचतच नाही, म्हणून तुम्हाला मेसेजही येत नाही. कुलूप टोकनात नाही, वहीत आहे. नुसता नंबर चोरून ते उघडत नाही.

(मनगटी घड्याळात जे टोकन असतं ते वेगळ्या जातीचं. ते त्या उपकरणाला बांधलेलं असतं, दुकानाला नाही, म्हणून घड्याळ कुठल्याही दुकानात चालतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा टोकनांची परवानगी इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंनाही दिली. तुमच्या ॲपने "फक्त आमच्याच चार्जरवर" लिहिलंय, म्हणजे तुमचं दुकानाला बांधलेलं आहे.)

ओटीपी का येत नाही, त्याचं उत्तर टोकनात नाही, मॅन्डेटमध्ये आहे. कार्ड जोडताना तुम्ही आणखी एक संमती दिलीत, की दर वेळी बदलत्या रकमेचे पैसे अमुक मर्यादेपर्यंत कापायला हरकत नाही. तेव्हा एकदा ओटीपी घेतला जातो, पुढे लागत नाही. नियमाने ही मुभा जून २०२२ पासून व्यवहारामागे १५,००० रुपयांपर्यंत आहे. तुम्ही स्वतःची मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवू शकता, आणि ठेवावी. ॲप आपणहून १५,००० भरून ठेवतं आणि लोक तसंच पुढे जातात. चार्जिंगला एका वेळी हजाराच्या वर क्वचितच लागतं.

पण ह्याच नियमात एक अट आहे, जिच्यामुळे "गाडीने आत्ताच्या आत्ता पैसे दिले" हे बऱ्याचदा खरं नसतं. मॅन्डेटवर पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने ग्राहकाला कळवलं पाहिजे: कोणाला, किती, कधी. आणि तो व्यवहार नाकारायची सोयही दिली पाहिजे. फास्टॅग आपोआप भरण्यासाठी ह्यातून सूट आहे, चार्जिंगला नाही. म्हणून कंपन्या दोनपैकी एक करतात. एक तर बिल आज करतात आणि पैसे उद्या-परवा कापतात. नाहीतर तुमच्याकडून ॲपमधल्या वॉलेटमध्ये आधीच पैसे भरून घेतात आणि गाडी त्यातून खर्च करते. तुमचं कुठलं हे ओळखायचं असेल तर बँकेच्या मेसेजची वेळ बघा. पडद्यावर "पैसे मिळाले" आलं आणि बँक गप्प, तर वॉलेट किंवा उधारी.

आता घरची गोष्ट. माझा आतेभाऊ मुलुंडला राहतो. त्याने गेल्या वर्षी आपली इलेक्ट्रिक गाडी एका डीलरमार्फत नाशिकच्या माणसाला विकली. आरसी बदलली, विमा बदलला, फास्टॅग स्वतः खरवडून काढला. तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला मला फोन. मी दादरला फलाटावर, मागून घोषणा चाललेली, आणि हा ओरडतोय, "अरे दादा, माझं कार्ड हॅक झालं!" बँकेचा मेसेज होता: उद्या रात्री अमुक चार्जिंग कंपनीला ६१२ रुपये ७ पैसे वजा होतील.

मी म्हटलं, "ॲप उघड आणि बिल बघ." इगतपुरीजवळचा चार्जर, २४.७ युनिट, २१ रुपये दराने ५१८ रुपये ७० पैसे, वर १८ टक्के जीएसटीचे ९३ रुपये ३७ पैसे. बेरीज पैशाला पैसा बरोबर. मग विचारलं, "ॲपमधून गाडी काढली होतीस का?" पलीकडे शांतता. नवीन मालकाने गन लावली, गाडीने प्रामाणिकपणे आपला जुना क्रमांक सांगितला, सर्व्हरने प्रामाणिकपणे माझ्या भावाचं खातं उघडलं. हॅकिंग कुठेच नव्हतं. टोकन योग्य दुकानात, योग्य कामासाठी वापरलं गेलं, म्हणून नेटवर्कलाही आक्षेप घ्यायचं कारण नव्हतं. टोकनाला दुकान कळतं. गन कोणी लावली ते कळत नाही.

मेसेजमधली लिंक वापरून त्याने तो व्यवहार थांबवला. २४ तासांच्या त्या अटीला धंद्यातले लोक नेहमी शिव्या घालतात, मीही घालतो, पण त्या रात्री तिचाच उपयोग झाला. मग कंपनीला बिलाबद्दल लिहिलं. त्यांनी चार दिवस "तुमच्या गाडीनेच चार्ज केलंय" हे एकच वाक्य परत परत पाठवलं. शेवटी आरसी बदलल्याचा कागद पाठवल्यावर बिल नवीन मालकाकडे वळवलं. वॉलेटची व्यवस्था असती तर पैसे तिथल्या तिथे गेले असते आणि भावाला कळलंही नसतं.

तुमच्या हॅकिंगच्या भीतीचंही माप हेच आहे. मॅक ॲड्रेसवर चालणाऱ्या व्यवस्थेत कोणी तुमच्या गाडीचा क्रमांक नकलून घेतला, तर तो त्या एका कंपनीच्या चार्जरवर, तुमच्या मॅन्डेटच्या मर्यादेत, फुकट चार्जिंग करू शकेल. त्यापलीकडे त्याला तुमच्या कार्डातून काही मिळणार नाही. प्रमाणपत्रवाल्या व्यवस्थेत हेही अवघड आहे.

घरातल्या यंत्रांचं गणित वेगळं नाही. वॉशिंग मशीन धुण्याच्या फेऱ्या मोजून साबण संपत आल्याचं कळवतं, आणि दुकानाचा सर्व्हर त्याच्याकडच्या टोकनावर ऑर्डर टाकतो. मशीन भाड्याच्या घरात सोडून गेलात तर पुढच्या भाडेकरूचा साबण तुमच्या पैशाने येईल.

उलट बाजूचा त्रासही लक्षात ठेवा. कार्डाची मुदत संपली किंवा हरवल्यामुळे नवीन आलं, की एक दिवस चार्जर लाल दिवा दाखवतो आणि लोक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात. गाडीला काही झालेलं नसतं. नवीन कार्ड जुन्या दुकानांना जोडायचं का हे बँकेने तुम्हाला विचारून, तुमच्या होकारानेच करायचं असतं, आणि तो विचारणारा मेसेज आपण जाहिरात समजून पुसून टाकलेला असतो. कंपनीने पेमेंट गेटवे, म्हणजे तिच्या वतीने टोकन मागणारी मधली कंपनी, बदलला तरी असंच होऊ शकतं. टोकन मागणारा बदलला, आता वहीत जुळत नाही. अशा वेळी कार्ड नव्याने जोडणं हाच उपाय.

गाडी विकताना किंवा काही दिवसांसाठी कोणाला देताना तीन ठिकाणी हात घालायचा. चार्जिंगच्या ॲपमधून गाडी काढायची. बँकेच्या ॲपमध्ये तुमचं कार्ड कुठल्या कुठल्या व्यापाऱ्यांकडे टोकन होऊन बसलंय त्याची यादी असते, ती दाखवणं बँकेला बंधनकारक आहे, तिथून त्या कंपनीचं टोकन काढायचं. आणि मॅन्डेट वेगळं रद्द करायचं. हे दोन्ही एकाच पानावर नसतात. एक काढलं की दुसरं आपोआप जाईल हे गृहीत धरू नका. आतेभावाने त्या रात्री नुसता एक व्यवहार थांबवला होता. आठवड्याने दुसरा मेसेज आला, ह्या वेळी घोटीचा चार्जर, ३४० रुपये.