पहिलं खातं कुठे उघडू?

शिल्लक आठ-दहा हजारांत राहणार असेल, तर पोस्टाचं खातं घे. ५०० रुपये ठेवले की पुरे. खाजगी बँकेत सरासरी शिल्लक मोजतात. महिनाअखेरीस पैसे भरून दंड चुकत नाही, मीही त्यात फसलोय.

पोस्टात मात्र एक मेख आहे. व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. खात्यात ८,००० आहेत आणि २८ तारखेला ६,००० काढलेस, तर त्या महिन्याचं व्याज फक्त २,००० वर. म्हणून भरायचे ते १० च्या आत, काढायचे ते महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या १ तारखेला किंवा लगेच नंतर.

सहकारी बँक जवळची वाटते, चालेलही. पण ती बँकच आहे ना, हे बघ. पतसंस्थेला पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं. पाटीवरची नावं फसवी असतात.