रविवारी क्लासला सोडता, पण संध्याकाळी समई कोण लावतं?

डब्लिनहून एका आईचं पत्र आलंय. लिहिते, 'काकू, मुलगा नऊ वर्षांचा आहे. दर रविवारी पंचवीस मिनिटं गाडी चालवून आम्ही त्याला बालसंस्कार वर्गाला सोडतो. अथर्वशीर्ष तोंडपाठ आहे, मंडळाच्या गणपतीत स्टेजवर म्हणून बक्षीसही मिळवलं. पण परवा म्हणाला, आई, हे क्लासमध्येच करायचं असतं ना? आपल्या घरी कुठे कोण करतं? मला उत्तर सुचलं नाही.' पुढे शाळेतल्या डब्याबद्दल, मुंजीबद्दल आणि सासूबाईंच्या व्हिडिओ कॉलबद्दलही विचारलंय. ते शेवटी बघू. आधी हे.

अगं, तुला उत्तर सुचलं नाही, कारण लेकराने बरोबर ओळखलंय. त्याला अथर्वशीर्ष येतं, पण ते कोणाचं आहे हे त्याला माहीत नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. 'सोडतो', 'आणतो', 'नेतो' हे शब्द सात वेळा आलेत. 'करतो' एकदाही नाही.

आपल्याला अगदी जवळचा अभ्यास इंग्लंडातच झालाय. वॉरिक विद्यापीठाच्या रॉबर्ट जॅक्सन आणि एलेनॉर नेस्बिट यांनी १९८० च्या दशकात कॉव्हेंट्रीतल्या आठ ते तेरा वर्षांच्या हिंदू मुलांच्या घरी, देवळांत आणि वर्गांत जाऊन निरीक्षणं केली. १९९३ साली त्याचं पुस्तक आलं. कुटुंबं बहुतेक गुजराती आणि पंजाबी होती. त्यांनी दोन वाटा वेगळ्या दाखवल्या. एक मुद्दाम शिकवण्याची, म्हणजे वर्ग, भाषा, श्लोक. दुसरी न शिकवता मुरण्याची, म्हणजे घरातलं देवघर, नैवेद्य, घरातल्यांचे उपास, आजी-आजोबा. धर्माचा मोठा भाग या दुसऱ्या वाटेने मुलांपर्यंत पोचत होता. तुमच्या घरात पहिली वाट अगदी डांबरी आहे आणि दुसरीवर गवत उगवलंय.

मूल नुसत्या बोलण्यावर का विसंबत नाही, याचं एक उत्तर जोसेफ हेन्रिक या अभ्यासकाने २००९ साली मांडलं. माणूस सांगतो ते तो खरंच मानतो का, हे मुलं त्याच्या कृतीवरून ताडतात, आणि त्यातही ज्या कृतीला काहीतरी किंमत मोजावी लागते तिच्यावरून. म्हणजे झोप, भूक, वेळ. बाबा चतुर्थीला खरंच जेवत नाहीत, हे मुलाला शंभर गोष्टींपेक्षा जास्त सांगून जातं. पुढे मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारून केलेल्या अभ्यासांतही हाच धागा दिसला: आईवडिलांना असं करताना पाहिलेल्यांत श्रद्धा टिकलेली जास्त आढळली. अर्थात या आठवणी आहेत, माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून त्याला पक्का पुरावा म्हणू नये. पण तुझ्या मुलाचा प्रश्न याच जागी बोट ठेवतो.

माझ्याच घरचं सांगते. आम्ही लेस्टरला आलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. वडील सहा महिने आमच्याकडे राहिले. रोज सकाळी पूजेला बसले की आधी उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसायचे, मग वात सारखी करायचे, मग काडी ओढायचे. ते परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा देवघरापुढे बसला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि उघड्या डोळ्यांपुढे दोन बोटांनी हवेतच चष्मा पुसला. मग म्हणाला, आता काडी दे. त्याला चष्मा नव्हताच. पण आजोबा करतात म्हणजे तेही पूजेतलंच.

हे काही आमच्या बाळाचं कौतुक नव्हे. २००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना आणि चिंपांझींना एका पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते दाखवलं, मधे काही निरुपयोगी कृती घालून. पेटी पारदर्शक केल्यावर त्या कृतींचा उपयोग नाही हे दिसत होतं. चिंपांझींनी त्या गाळल्या, मुलांनी त्या तशाच केल्या. कारण न कळताही जसंच्या तसं उचलायची ही वृत्तीच विधी पुढच्या पिढीत नेते. पण उचलायला समोर कोणीतरी करणारं हवं. स्टेजवर तुमचा मुलगा एकटा होता, तुम्ही दोघं खाली मोबाईल धरून उभे.

आणि तुझ्या पत्रातलं 'हे म्हणतात, हे डिपार्टमेंट तुझं', हे यजमानांचं वाक्य मला सर्वांत खटकलं. व्हर्न बेंगट्सन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० साली साडेतीनशेच्या वर कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि पस्तीस वर्षं त्यांचा माग ठेवला. वडील नुसते धार्मिक असून पुरत नाही, मुलाशी त्यांचं नातं उबदार असेल तर धर्म पुढे जातो. कडक, लांब राहणाऱ्या बापाचा धर्म तितकासा उतरत नाही, असं त्यांना दिसलं. ती कुटुंबं मुख्यतः ख्रिस्ती आणि ज्यू होती, तेव्हा आपल्याला सगळं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरी यांनी शनिवारी मुलाला मांडीवर घेऊन मारुतीला तेल घातलं, तेच मुलाच्या आठवणीत राहिलं. मी रोज म्हणून घेतलेली रामरक्षा तो विसरला.

म्हणून एवढंच कर. संध्याकाळी सातला समई यजमानांनी लावायची, तू नाही. मुलाला एकच काम, पण पूर्ण त्याचं: कापसाची वात वळून तेलात भिजवायची. पहिल्या वाती सैल होतील, धूर करतील, तरी त्याच लावायच्या. पाच मिनिटं, एकच स्तोत्र, तुम्हा दोघांच्या आवाजात. फोटो काढायचा नाही, आजीला कॅमेऱ्यातून दाखवायचं नाही, कारण दाखवायला लागलं की ती घरातली गोष्ट राहत नाही. अर्थ त्याने विचारला तरच सांगायचा. आणि तुझ्या यजमानांचा देवावर विश्वास नसेल तर खोटं सांगू नये. 'माझे बाबा लावायचे म्हणून मी लावतो' हे खरं उत्तर आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते पुरतं.

जमतंय की नाही हे पाठांतरावरून बघू नकोस. एखादा दिवस चुकला की तोच विचारतो का, आज वात कोणी वळली, ते बघ.

क्लास बंद करू नका हं. तिथे त्याला आपल्यासारखीच दुसरी मुलं आणि आईवडील सोडून दुसरी मोठी माणसं भेटतात, ते घरात मिळत नाही. फक्त दोघांपैकी एकाने तिथे थांबायचं, तिथल्या तयारीला हात लावायचा.

आता बाकीचं. डब्यात काय द्यायचं ते शाळेला एकदा लेखी कळव, विषय संपला. मुंज पुढच्या भारतवारीत करा किंवा करू नका, त्याने काही अडत नाही. सासूबाईंना व्हिडिओवर त्यांच्या लहानपणच्या दिवाळीची गोष्ट सांगायला लाव, श्लोक विचारायला नको.

समई स्मोक अलार्मच्या बरोबर खाली ठेवू नका, आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात पोरगा घाबरून रडला होता. आणि पहिली वात वळली की मला कळव.