सोलर सेलमध्ये वीज कशी तयार होते आणि टाकीची सावली महाग का पडते

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दोन मजली घर आहे. गच्चीवर ३ किलोवॅट सोलर बसवायचा विचार आहे. उन्हातून वीज नेमकी कशी तयार होते? टाकीची थोडी सावली पॅनेलवर पडेल, तिने काही फरक पडतो का?

फरक पडतो, आणि वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. का, हे सेलच्या आत काय चालतं ते पाहिलं की लक्षात येईल.

सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही पातळ. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूचे बाहेरचे चार इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंशी बांधलेले असतात, म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेमच वाहते. ऊन पडलं की प्रकाशाचा एखादा कण इलेक्ट्रॉनला त्या बंधातून उखडतो. इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्याच्या जागी एक पोकळी राहते. एवढ्याने वीज मिळत नाही. तसंच सोडलं तर इलेक्ट्रॉन क्षणात कुठल्यातरी पोकळीत परत पडतो आणि फक्त उष्णता होते.

म्हणून चकतीच्या एका बाजूला किंचित फॉस्फरस आणि दुसऱ्या बाजूला किंचित बोरॉन मिसळलेलं असतं. फॉस्फरसमुळे एकेक इलेक्ट्रॉन जास्तीचा येतो, बोरॉनमुळे एकेक कमी पडतो. दोन्ही थर जिथे भेटतात तिथले काही इलेक्ट्रॉन कारखान्यातच पलीकडे सरकलेले असतात आणि त्या सांध्यावर कायमचं विद्युत क्षेत्र तयार होतं. ते उतारासारखं काम करतं. उन्हाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन फॉस्फरसच्या बाजूला घरंगळतो, पोकळी बोरॉनच्या बाजूला. काचेखाली चांदीच्या ज्या बारीक रेघा दिसतात त्या इलेक्ट्रॉन गोळा करतात. तिथून ते तारेने बाहेर जातात, काम करतात आणि मागच्या बाजूने पोकळीत परत येतात. काहीही जळत नाही, झिजत नाही, म्हणून सेल पंचवीस वर्षं टिकतो.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एका सेलचा विद्युत दाब सिलिकॉनच्या गुणधर्मावर ठरतो. तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट असतो आणि ऊन निम्मं झालं तरी फारसा उतरत नाही. प्रवाह मात्र थेट उन्हाच्या प्रमाणात असतो, कारण जितके प्रकाशकण तितके मोकळे इलेक्ट्रॉन. एवढ्या कमी दाबावर घरातलं काही चालत नाही, म्हणून सेल एकामागे एक जोडतात. ५५० वॅटच्या पॅनेलमध्ये १४४ अर्धे सेल, बहात्तरच्या दोन समांतर ओळींत, असतात आणि भर उन्हात त्यातून सुमारे ४१ व्होल्ट, १३ अँपिअर मिळतात. तुमच्याकडे अशी सहा पॅनेल ओळीत जोडली की अडीचशे व्होल्टच्या आसपासची एक स्ट्रिंग होते.

सावलीचं दुखणं या ओळीतच आहे. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे सरकवणारी माणसांची रांग आठवा. त्यातला एक जण मंदावला की सगळी रांग त्याच्याच गतीने चालते. ओळीतल्या सगळ्या सेलमधून एकच प्रवाह वाहतो, म्हणून सावलीतला सेल जेवढा देईल तेवढ्यावर बाकीच्यांना थांबावं लागतं. त्यांनी जोर केला तर त्यांची वीज त्या एका सेलमध्ये उष्णता होऊन मुरते. अशा जागी पुढे तपकिरी डाग पडतो किंवा काच तडकते. हे टाळायला पॅनेलमागच्या डबीत तीन बायपास डायोड असतात. सेल अडला की प्रवाह डायोडमधून वळसा घेतो. पॅनेल वाचतं, पण त्या भागातली वीज जाते.

आता तुमची टाकी घेऊ. स्टँडसकट ती पॅनेलच्या पातळीपासून २ मीटर वर असेल, तर कोल्हापुरात २१ डिसेंबरच्या दुपारी तिची सावली उत्तरेला सुमारे १.७ मीटर पडेल. त्याच दिवशी सकाळी नऊला मात्र तीच सावली वायव्येकडे ४ मीटरहून जास्त लांब जाते. मेमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असताना गच्ची पाहून जागा ठरवली, तर ही सावली दिसतच नाही. समजा ती उभ्या लावलेल्या तीन पॅनेलच्या खालच्या कडेवर, वीतभर रुंदीच्या पट्ट्यात पडली. अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेले असतात, त्यामुळे त्या तिन्ही पॅनेलचा प्रवाह निम्मा होतो. पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरपुढे दोनच वाटा उरतात: सगळी स्ट्रिंग निम्म्या प्रवाहावर चालवायची, किंवा ती तिन्ही वळसा देऊन सोडायची. दोन्हीकडे उत्पादन जवळपास निम्मं. झाकलेलं क्षेत्रफळ मात्र एकूण पॅनेलच्या पाच टक्क्यांच्या आसपास.

म्हणून माझं मत असं, की टाकी शक्यतो उत्तरेच्या कडेला हलवा आणि पॅनेल तिच्या दक्षिणेला घ्या. तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते १७ अंश ठेवा. टाकी हलत नसेल तर सावलीत येणाऱ्या जागी पॅनेल बसवूच नका. सहाऐवजी पाच स्वच्छ उन्हातली पॅनेल परवडतात, फक्त पाचांच्या दाबावर इन्व्हर्टर चालतो ना एवढं बसवणाऱ्याकडून तपासून घ्या. जिन्याची खोली आणि शेजारचा नारळ यांनाही हाच हिशोब लावा.

आपल्याकडे आणखी एक सावली होते, ती काजळीची. ऊसगाळपाच्या हंगामात कारखाने आणि गुऱ्हाळांची राख पॅनेलवर बसते. सकाळचं दव ती खाली ओढतं आणि फ्रेमच्या खालच्या ओठाशी चिखलाची रेघ साचते. ती नेमकी सहाही पॅनेलच्या शेवटच्या ओळीवर असते. हंगामात पंधरा दिवसांतून एकदा, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती कड पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

उष्णतेचंही थोडक्यात सांगतो. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाच्या सेलचे असतात. एप्रिलच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत जातो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली, तर ५५० वॅटचं पॅनेल ४७५ च्या आसपास देतं. हा दोष नाही, तापलेल्या सिलिकॉनमध्ये दाब उतरतोच. पत्र्यावर चिकटवून बसवलं की मागून वारा मिळत नाही आणि घट वाढते, म्हणून खाली मोकळी जागा हवी. वर्षाची सरासरी किलोवॅटमागे रोज चार युनिटच्या आसपास धरा, पावसाळ्यात त्याहून बरीच कमी.

बसवल्यावर इन्व्हर्टरच्या ॲपमधला आलेख पाहत जा. निरभ्र दिवशी रोज ठरावीक वेळी खळगा पडत असेल तर ती सावली आहे. पूर्ण आलेखच हळूहळू खाली सरकत असेल तर धूळ. स्वच्छ उन्हातही स्ट्रिंगचा दाब नेहमीपेक्षा १४ व्होल्टच्या आसपास कमी राहिला, तर एक बायपास डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा बसवणाऱ्याला बोलवा. पॅनेलचे कनेक्टर चालू उन्हात स्वतः ओढू नका, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही.